दोनशे दहा पुस्तकांचं पत्र

समजा, परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातलं एक गाव आहे. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत वाचनालय सुरू करायचं ठरलंय. गावातून आणि माजी विद्यार्थ्यांकडून १२,००० रुपये जमलेत, आणि पुस्तकं मागवायचं काम जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंकडे आलंय. बाई पुस्तक वितरकांना पत्र लिहायला बसतात. पहिला मसुदा पाच मिनिटांत होतो: ‘आमच्या ग्रामीण वाचनालयासाठी मुलांची मराठी वाचनपुस्तके जास्तीत जास्त संख्येने व जास्तीत जास्त सवलतीत पाठवावीत, ही विनंती.’

पत्र नम्र आहे, शुद्धही आहे. पण ते असंच गेलं तर खोक्यातून काय निघेल, याचा अंदाज जुन्या शाळांच्या कपाटांत डोकावलं की येतो. एकाच निबंधमालेच्या पंधरा प्रती, थोरांची चरित्रं, सुविचारसंग्रह, सामान्यज्ञानाची प्रश्नोत्तरं. वितरकाला यासाठी दोष देता येत नाही. ‘जास्तीत जास्त संख्या’ आणि ‘जास्तीत जास्त सवलत’ या दोनच अटी घातल्या, की ज्या पुस्तकांवर सूट भरपूर आणि ज्यांचे गठ्ठे गोदामात पडून आहेत, तीच आधी निघतात. वाचणारं मूल कोण आहे, हे पत्रात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून दुसरा मसुदा टेबलावर नाही, वर्गात सुरू होतो. गावातली पहिली ते सातवीची ६२ मुलं बाई एकेक करून समोर बसवतात आणि वाचायला देतात. मोजमाप साधंच आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकारानं २००५पासून होत असलेल्या ‘असर’ पाहणीत मुलाला अक्षरं, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, अशा पायऱ्यांनी तपासतात. तीच पद्धत इथे चालते. आकडे असे येतात असं धरू: ११ मुलं अक्षरांपाशी, १७ शब्दांपाशी, २० परिच्छेद वाचणारी आणि १४ गोष्ट सलग वाचणारी. इयत्तेप्रमाणे पुस्तकं मागवली असती तर ही मांडणी दिसलीच नसती, कारण शब्दांपाशी अडलेल्या १७ जणांत चौथी-पाचवीची मुलंही असतात. त्यांना ‘पहिलीसाठी’ असा शिक्का असलेलं पुस्तक हातात धरायची लाज वाटते. त्यामुळे बाई पत्रात एक वाक्य घालतात: ‘मुखपृष्ठावर इयत्ता छापलेली पुस्तके नकोत.’

आता वाचनपुस्तक म्हणजे नेमकं काय, हेही वितरकाला सांगावं लागतं. सुरुवातीच्या वाचकाला पानावर एक-दोन वाक्यं, मोठं चित्र आणि मोठा टाइप लागतो. देवनागरीत मात्रा वर जातात आणि उकार खाली उतरतात, त्यामुळे बारीक टाइपात ‘कु’ आणि ‘कृ’ मुलाला सारखेच दिसतात. बाई साधारण १८ ते २० पॉइंटचा टाइप मागतात. पॉइंट मोजायचे कसे, हा प्रश्न टाळायचा तर पुस्तकाच्या एका आतल्या पानाचा फोटो मागवावा आणि तो मूळ आकारात छापून मुलासमोर ठेवावा. त्याच पानावर आणखी एक गोष्ट तपासता येते. काही अनुवादित पुस्तकांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. मोठ्यांना ते जाणवतही नाही, पण नुकतंच मराठी वळणाचं ‘ल’ शिकलेलं मूल तिथे थबकतं.

अक्षरांपाशी असलेल्या मुलांसाठी जोडाक्षरं नसलेल्या गोष्टी मागाव्यात. त्या मराठीत मिळतात. मात्र त्यांचाच गठ्ठा भरू नये. ‘मित्र’, ‘पुस्तक’, ‘रस्ता’ हे शब्द टाळून गोष्ट सांगताना भाषा फार लवकर अवघडते, आणि कानानं ओळखीचा असलेला शब्द जोडाक्षर असूनही मूल चित्राच्या आधारानं वाचून जातं.

पुढचा मुद्दा प्रकाशकांचा. नॅशनल बुक ट्रस्ट १९५७पासून आहे, आणि त्याच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली मराठी पुस्तकं कमी किमतीत मिळतात. प्रथम बुक्सची सुरुवात २००४ची. तिच्या पुस्तकांवर वाचनाची पातळी दिलेली असते, म्हणून बाईंच्या चार गटांशी ती चटकन जुळवता येतात. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी चित्रपुस्तकं किमतीनं थोडी वर आहेत, पण त्यांतलं मराठी घरात बोलतात तसं आहे. मोठ्या गटासाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाची वर्गणी भरता येते. ते १९७१पासून निघतंय. प्रत्येक प्रकाशकाला वेगळं पत्र लिहिलं तर सूट कदाचित जास्त मिळेल, पण पाच बिलं, पाच पार्सलं आणि पाच ठिकाणचा पाठपुरावा बाईंच्या गळ्यात पडेल. दोनशेच्या आसपास पुस्तकं घेणाऱ्या गावाला एकच वितरक सोयीचा. एकच यादी मात्र तिघा वितरकांना पाठवून दरपत्रक मागवावं.

यादी करताना ‘पुस्तकं किती’ या प्रश्नाचे दोन भाग होतात: नावं किती आणि प्रती किती. पत्रात बहुतेक चुका इथेच होतात. ‘२०० पुस्तके’ एवढंच लिहिलं तर २० नावांच्या दहा-दहा प्रती आल्या तरी हिशेब बरोबर ठरतो. बाईंचा तक्ता असा बसतो. चित्रपुस्तकांची ४० नावं, प्रत्येकी दोन प्रती. छोट्या गोष्टींची ४० नावं, त्यांच्याही दोन-दोन प्रती. मोठ्या मुलांसाठी ३० नावं, एकेक प्रत. शिवाय दोन गोष्टींच्या दहा-दहा प्रती. एकूण ११२ नावं आणि २१० प्रती. दोन प्रती अशासाठी, की एकानं घरी नेलेलं पुस्तक त्याच्या मैत्रिणीला त्याच दिवशी हवं असतं. दहा प्रतींचं कारण वेगळं आहे. दहा मुलं गोल बसून एकच गोष्ट वाचतात, प्रत्येकाचं बोट आपापल्या ओळीखालून सरकतं, आणि कुणाचं बोट कुठे थांबलं ते बाईंना दिसतं.

किमती अंदाजे धरल्या तर चित्रपुस्तकं ४५ रुपयांप्रमाणे ३,६००, छोट्या गोष्टी ६० रुपयांप्रमाणे ४,८००, मोठी पुस्तकं १२० रुपयांप्रमाणे ३,६०० आणि सामूहिक वाचनाच्या वीस प्रती ५० रुपयांप्रमाणे १,००० रुपयांच्या. छापील किंमत झाली १३,०००. वितरकानं २० टक्के सूट मान्य केली तर १०,४०० राहतात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे बिलात पुस्तकांवर कर लावलेला दिसला तर लगेच विचारावं.

राहिला प्रश्न वाहतुकीचा. सूट ठरवताना भाडं कुणाचं हे ठरलं नाही, तर सुटीतले पैसे भाड्यात जातात. असा गठ्ठा बांधणीसकट साधारण २१ किलोंचा होईल. पुस्तकं स्वस्तात पाठवायची टपाल खात्याची जुनी नोंदणीकृत बुकपोस्टची सोय डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली. मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं. त्यात सुरुवातीच्या दरानुसार ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये लागतात, वर कर. म्हणजे पाच पाकिटं आणि सहाशेच्या आत खर्च. वितरक जिंतूरच्या एसटी स्थानकापर्यंत पार्सल पोचवणार असेल तर तेही चालेल. पण मग स्थानकापासून गावापर्यंत खोकी कोण आणणार, हे आधी ठरलेलं हवं. १२,०००मधले जे हजारभर रुपये उरतात त्यात वेष्टनाचा कागद, डिंक, शिक्का आणि दाखल नोंदवही भागते.

आता पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य: ‘यादीतील पुस्तक शिल्लक नसल्यास त्याऐवजी दुसरे पाठवू नये, आधी कळवावे.’ हे वाक्य राहिलं तर ११२ नावांतली तीसेक नावं वाटेतच बदलू शकतात. मुलांची पुस्तकं प्रकाशक लहान आवृत्त्यांत काढतात, आणि आवृत्ती संपली की पुढची कधी निघेल ते सांगता येत नाही. म्हणून बाई यादीच्या शेवटी पंधरा पर्यायी नावं स्वतःच जोडतात. बदल करायचाच झाला तर तो त्यांच्या पसंतीच्या यादीतूनच होईल.

नावासोबत लेखक, प्रकाशक आणि शक्य तर आयएसबीएन क्रमांकही द्यावा. ‘श्यामची आई’चंच पाहा. साने गुरुजींचं निधन १९५० साली झालं. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, म्हणून २०११पासून हे पुस्तक कुणालाही छापता येतं. आज त्याच्या कितीतरी आवृत्त्या बाजारात आहेत. काही नीट छापलेल्या, काही संक्षिप्त, काही दाटीवाटीनं टाइप बसवलेल्या. नुसतं नाव लिहिलं तर यांतली कुठलीही येऊ शकते, आणि वितरकानं मागितलेलंच दिलेलं असतं.

पत्र पाठवायची वेळही बघावी लागते. मार्चमध्ये अनुदानं खर्ची टाकायची घाई असते आणि जे हाताशी आहे ते बांधून दिलं जातं. मे-जूनमध्ये वितरक पाठ्यपुस्तकांत बुडालेले असतात. ऑगस्ट बरा. तेव्हा यादीतलं एकेक नाव शोधायला दुकानातल्या माणसाला सवड असते.

शेवटची ओळ पैशाची. नव्या गिऱ्हाइकाकडे वितरक आगाऊ रक्कम मागतो, आणि त्याचंही चूक नाही, कारण गावांकडून पैसे अडकल्याचा अनुभव त्याला असतो. बाई मध्यम मार्ग सुचवतात: निम्मी रक्कम मागणीबरोबर, उरलेली पुस्तकं तपासून पंधरा दिवसांत धनादेशानं. बिल वाचनालयाच्या नावानं, शिक्षिकेच्या नावानं नाही. उद्या बाईंची बदली झाली तरी पुस्तकं कुणाच्या मालकीची, हा वाद उठू नये.

खोकी आली की तपासणी त्याच दिवशी. बिलातली नावं, प्रती आणि किमती जुळवायच्या, आणि मग प्रत्येक पुस्तकाची पानं अंगठ्याखालून सोडायची. पुस्तकं आठ किंवा सोळा पानांच्या फॉर्मांत छापली जातात, त्यामुळे चूक झाली की एकदम सोळा पानं गायब असतात, दुबार लागतात किंवा उलटी शिवली जातात. पान ३२नंतर थेट ४९ आलं की ओळखावं. अशा प्रती बाजूला ठेवून त्यांचे फोटो आठवड्याच्या आत पाठवायचे. दाखल क्रमांक आणि शिक्का त्यानंतरच मारायचा, कारण शिक्का मारलेलं पुस्तक परत घेतलं जात नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये बाई त्याच वितरकाला पुन्हा लिहितात. या वेळी सोबत देवघेवीच्या वहीतून काढलेल्या दोन छोट्या याद्या असतात. पहिलीत पिना निघून दोऱ्यानं शिवलेली सहा पुस्तकं आहेत. त्यांच्या प्रत्येकी तीन प्रती हव्यात. दुसरीत वर्षभर कुणीच न नेलेली नऊ नावं आहेत. तसली पुन्हा नकोत.