मिसळीचं गणित

यंदाच्या गॅदरिंगला आमच्या ग्रुपने मिसळपावचा स्टॉल लावला होता, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. (कट फुकटात दोनदा मागून घेणाऱ्यांना तर नक्कीच!) प्रत्येकी ९०० रुपये काढून चौघांनी ३६०० चा माल आणला. प्रोजेक्टच्या मोटरचे पैसे त्यातून सुटणार होते. दिवसभरात १०२ प्लेट गेल्या. ५० रुपयांप्रमाणे गल्ल्यात आले ५१००. स्टॉलचं भाडं, गॅस आणि डिशेस मिळून १५०० गेले. आमचे ३६०० परत मिळाले आणि हातात उरलं शून्य. मोटर दुकानातच राहिली.

मेसच्या काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, स्टॉल लावायच्या आधी शीट नाही का केलीस? इंजिनीअर ना तू?" आणि वहीचं एक पान पुढे सरकवलं. तेच पान इथे देते आहे.

आधी चाळीस प्लेटचा माल लिहायचा, मग त्याला ४० ने भागायचं. एका प्लेटचा खर्च असा निघाला:

मटकी (१.५ किलो, १८० रु.) – ४.५०
फरसाण (१.६ किलो, ३२० रु.) – ८.००
पाव (८० नग, २४० रु.) – ६.००
तेल (८०० मिली, १२० रु.) – ३.००
कांदा (२ किलो, ८० रु.) – २.००
खोबरं, मसाले (१४० रु.) – ३.५०
टोमॅटो, लसूण, कोथिंबीर, लिंबू (१२० रु.) – ३.००
एकूण – ३०.००

इथे एक गंमत आहे. मटकी भिजून मोड आले की वजन साधारण दुप्पट होतं. प्लेटमध्ये ७५ ग्रॅम मोडाची मटकी जाते, म्हणून ७५ ग्रॅमला कोरड्या मटकीचा भाव लावला तर ९ रुपये दिसतात, म्हणजे खऱ्याच्या दुप्पट! कांद्याचं बरोबर उलटं. सालं काढून २ किलोचा १.८ किलोच उरतो, म्हणजे ४० चा कांदा आपल्याला ४४ ला पडतो. म्हणून वजन आणि भाव दोन्ही एकाच अवस्थेतले घ्यायचे, विकत आणलेले तरी किंवा निवडलेले तरी.

आता आमची खरी चूक. आम्हाला ६० टक्के मार्जिन हवं होतं, म्हणून मी ३० मध्ये ३० चे ६० टक्के मिळवले. झाले ४८, आणि वर राउंड करून ५०. काकूंनी कपाळाला हात लावला. मार्जिन मोजतात ते विक्रीच्या किमतीवर, खर्चावर नाही! ५० ला विकलं तर मालाचा खर्च विक्रीच्या ६० टक्के होतो (यालाच फूड कॉस्ट म्हणतात) आणि मार्जिन ४०. आम्ही अगदी उलटं करून बसलो होतो. ६० टक्के मार्जिन म्हणजे फूड कॉस्ट ४० टक्के, तेव्हा मिळवायचं नाही, भागायचं. B9 मध्ये एकूण खर्च असेल तर एक्सेलमध्ये असं:

```
=B9/(1-0.60)
```

उत्तर येतं ७५.

"पण काकू, ७५ ला हॉस्टेलवाले घेतील का?" मी विचारलं.

"नाहीच घेणार. मग उलट्या बाजूने ये. ६० ला विकायची तर ४० टक्क्यांत २४ रुपयांत प्लेट बसव. नाहीतर ५० टक्के फूड कॉस्ट चालवून घे, तुम्हाला कुठे पगार द्यायचाय!" हॉटेलवाल्याला मात्र भाडं, पगार आणि लाइटबिल त्यातूनच भागवायचं असतं, म्हणून तो बहुतेक वेळा ३० ते ३५ टक्क्यांवर राहायला बघतो.

आता शेवटचा प्रश्न. माल तर १२० प्लेटचा होता, मग १०२ च कशा गेल्या? काकूंनी एवढंच विचारलं, "उरलं काय?" उरले होते ३६ पाव, आणि फरसाण आधीच संपलं होतं. पाव मोजून दिले जातात, फरसाण मुठीने. ४८०० ग्रॅमला १०२ ने भागलं तर ४७ ग्रॅम येतात. शीटवर ४० होते. प्रत्येक मुठीत सात ग्रॅम जास्त पडले आणि अठरा प्लेट गायब! कागदावरची ६० टक्के फूड कॉस्ट प्रत्यक्षात ३६०० भागिले ५१००, म्हणजे ७१ टक्क्यांवर गेली ती अशी. दिवसाच्या शेवटी हे दोन आकडे शेजारी मांडले की गळती कुठे आहे ते लगेच कळतं.

पुढच्या वर्षी स्टॉल पुन्हा लावतोय. प्लेट ६० ला, आणि फरसाण बरोबर ४० ग्रॅमच्या वाटीने. जास्तीचा कट मागितलात तर मिळेल, पण तो शीटमध्ये आधीच धरलेला असेल!