पहिली भेट, कुबडी आणि दोन पायऱ्या

नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या डोंगरकड्यात दोघांनी पहिल्यांदा निवांत बसून बोलावं अशी जागा सहजी सापडत नाही. चहाच्या टपरीवर ओळखीची दहा माणसं असतात. एक तर ‘पाहुणे’ घरी येतात, नाहीतर मुलगा-मुलगी फोनवर ठरवून नांदेडला भेटतात. दोघांपैकी एकाला कुबडी, कॅलिपर किंवा चाकाची खुर्ची लागत असेल, तर दोन प्रश्न सुरुवातीलाच उभे राहतात: हे समोरच्याला कधी सांगायचं, आणि भेटायचं कुठे? दोन्हींबद्दल गावात, घरात आणि स्वतः त्या मुलामुलींच्या मनातही चुकीच्या समजुती आहेत.

गैरसमज: आधी ओळख वाढू दे, मग सांगू

बाहेरून न दिसणाऱ्या आजाराबाबत हा सल्ला विचारात घेता येतो. कुबडी मात्र पहिल्याच मिनिटाला दिसणार असते. ती लपवता येत नाही, समोरच्याला कळण्याची वेळ फार तर पुढे ढकलता येते, आणि ती पुढे ढकलली की पहिली भेट तिथेच अडते. समोरचा माणूस चकित होतो. तो वाईट असेलच असं नाही, पण काय बोलावं हे त्याला सुचत नाही. मग ज्या तासात आवडीनिवडी, नोकरी, शेती, सिनेमा यांवर बोलायचं, तो तास त्याचा धक्का ओसरण्यात आणि तुमच्या खुलाशात जातो.

म्हणून योग्य वेळ सोपी आहे: फोनवर किंवा मेसेजवर थोडं बोलणं झालं, भेटावंसं दोघांनाही वाटलं, की जागा ठरवण्याच्या आधी सांगावं. पाठवायच्या फोटोंत एक तरी पूर्ण उंचीचा, कुबडीसह असावा. चेहऱ्याचे चार फोटो पाठवून बाकीचं शब्दांवर सोडलं, तर वाचणारा स्वतःच्या कल्पनेतलं चित्र रंगवतो, आणि ते बहुधा वस्तुस्थितीपेक्षा भयंकर असतं.

पाहण्याच्या कार्यक्रमात घरच्यांची पद्धत उलटी असते. पाहुणे यायच्या आधी मुलीला खुर्चीवर बसवून ठेवतात, कुबडी आतल्या खोलीत जाते आणि पोहे वहिनी आणते. यामागे माया असते हे खरं, पण त्यातून लग्न ठरलं तर त्याचा पायाच कच्चा राहतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 नुसार, जोडीदाराविषयीच्या महत्त्वाच्या गोष्टीबाबत फसवणूक करून संमती मिळवली असेल, तर लग्न रद्द करण्यासाठी न्यायालयात जाता येतं. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत तसा अर्ज करावा लागतो. झाकलेल्या कुबडीची किंमत शेवटी ती वापरणाऱ्या मुलीलाच मोजावी लागते.

गैरसमज: सांगायचं म्हणजे सगळा दवाखाना उघडायचा

सांगायच्या गोष्टी तीनच आहेत: काय आहे, स्वतःचं स्वतः काय करता, आणि या भेटीपुरतं काय लागेल. समजा, डोंगरकड्याची एक मुलगी आहे. पायाला कॅलिपर आहे आणि एका हातात कुबडी. तिचा मेसेज असा असू शकतो: “भेटायच्या आधी एक सांगते. लहानपणापासून माझ्या डाव्या पायात ताकद कमी आहे, मी कॅलिपर आणि कुबडी वापरते. मागे जोडचाकं लावलेली स्कूटी स्वतः चालवते. कठडा असेल तर चार-पाच पायऱ्या चढते, पूर्ण जिना नको वाटतो. आपण तळमजल्यावर, साध्या खुर्च्या असतील तिथे बसू. काही विचारायचं असेल तर मोकळेपणाने विचारा.”

यात माफी नाही, ‘तरीही’ नाही आणि ‘तुम्हाला चालणार नसेल तर’ असंही नाही. शेवटचं वाक्य मात्र महत्त्वाचं आहे, कारण प्रश्न विचारायची परवानगी मिळाली नाही तर सभ्य माणूस गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ नकार असा लावला जातो.

पहिल्या बोलण्यात न सांगितलं तरी चालेल अशा गोष्टीही आहेत: शस्त्रक्रिया किती झाल्या, खर्च किती आला, प्रमाणपत्रावर किती टक्के आहेत. टक्क्यांचा प्रश्न आपल्याकडे फार लवकर येतो, जणू दहावीचा निकालच आहे. ही टक्केवारी सरकारी प्रमाणपत्रासाठी काढलेली असते. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलं की अनेक योजनांचा लाभ मिळतो, तेवढ्यासाठी ती उपयोगी. तो माणूस स्वयंपाक करतो का, एकटा प्रवास करतो का, संसार कसा करेल, हे त्या आकड्यातून कळत नाही. एकाच टक्केवारीच्या दोन माणसांचं रोजचं जगणं पूर्ण वेगळं असू शकतं.

दुसरा प्रश्न थोरल्या मंडळींकडून हळू आवाजात येतो: हे पुढच्या पिढीत उतरतं का? पोलिओ हा विषाणूचा आजार होता, तो आनुवंशिक नाही. अपघाताने आलेलं अपंगत्वही मुलांत उतरत नाही. स्नायूंचे काही आजार मात्र आनुवंशिक असतात. तिथे नातं पक्कं होऊ लागलं की दोघांनी मिळून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तो पहिल्या चहाचा विषय नव्हे.

गैरसमज: “या की, दोनच पायऱ्या आहेत”

सगळ्यात जास्त भेटी इथे फसतात. ‘तुमच्याकडे अपंगांची सोय आहे का?’ असं फोनवर विचारलं की हॉटेलवाला ‘हो, या की’ म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, चार पोरं लावून उचलून घेऊ हीच त्याच्या मनातली सोय असते. म्हणून प्रश्न मोजता येतील असे विचारावेत. गाडी उभी राहते तिथपासून टेबलापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत? त्यांना कठडा आहे का? खुर्च्या साध्या आहेत की खोल सोफे? संडास त्याच मजल्यावर आहे का, आत जाताना उंबरा आहे का, कमोड आहे का? शेवटी दरवाजाचा आणि संडासाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवावा. मोबाइलच्या नकाशावर काही ठिकाणी व्हीलचेअरची खूण दिसते, पण ती बहुतेकदा मालकाने किंवा ग्राहकांनी दिलेल्या माहितीवर असते. फोटो मागवायचा तो मागवावाच.

आता त्या ‘दोनच पायऱ्या’ पाहू. पायरी साधारण 18 सेंटिमीटरची धरली तर दोन पायऱ्यांची उंची 36 सेंटिमीटर होते. सार्वजनिक इमारतींसाठी उताराचं प्रमाण 1 ला 12 मानलं जातं, म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. या हिशोबाने दोन पायऱ्यांसाठी 4 मीटर 32 सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. प्रत्यक्षात मोटारसायकल आत घेण्यासाठी टाकलेला सव्वा मीटरचा पत्रा असतो आणि त्यालाच रॅम्प म्हणतात. त्याचा चढ तिपटीहून जास्त उभा असतो. त्यावरून खुर्ची स्वतः ढकलत नेता येत नाही, आणि उतरताना ती पुढे उलटण्याची भीती असते.

शिवाय रॅम्प सगळ्यांना सोयीचा असतो असंही नाही. कॅलिपर लावून चालणाऱ्या अनेकांना उभ्या, गुळगुळीत उतारापेक्षा कठड्याच्या चार पायऱ्या सुरक्षित वाटतात. त्यांचा शत्रू ओली फरशी. नुकतीच पुसलेली जमीन आणि कुबडीच्या टोकाचं झिजलेलं रबर एकत्र आले की माणूस घसरलाच. भेटीला निघण्याआधी ते रबर उलटं करून पाहावं, नक्षी पुसली गेली असेल तर बदलावं. खोल सोफ्यावर बसणं सोपं, उठणं अवघड. गुडघ्याला लॉक असलेलं कॅलिपर असेल तर बसताना लॉक सोडावं आणि उठताना लावावं लागतं. त्यासाठी टेबलाच्या कडेची, हात असलेली खुर्ची आणि पाय लांब करायला जागा हवी.

चाकाची खुर्ची वापरणाऱ्याने दाराची रुंदीही विचारावी. मोकळी वाट 90 सेंटिमीटर हवी आणि वळायला दीड मीटर जागा. फूटपट्टी नसेल तर हॉटेलवाल्याला फरशा मोजायला सांगता येतं. दोन फुटी फरशी म्हणजे 60 सेंटिमीटर, दार निदान दीड फरशीचं हवं.

आता त्या मुलीची भेट ठरवू. मुलाने सुचवलं, औंढा नागनाथला जाऊ, दर्शनही होईल. सूचना छान आहे, पण तिथला गाभारा खाली आहे, वाट अरुंद आणि पायऱ्या उभ्या. पहिल्याच भेटीत एक जण खाली जाणार आणि एक वर थांबणार. मग त्याने नांदेडचा पहिल्या मजल्यावरचा कॅफे सुचवला. लिफ्ट नाही, तोही बाद. शेवटी हमरस्त्यावरचं एक फॅमिली रेस्टॉरंट ठरलं: तळमजला, स्कूटी पायरीपर्यंत जाते, दोन पायऱ्यांना कठडा आहे, खुर्च्या साध्या. फोटोतून कळलं की संडास भारतीय पद्धतीचा आहे आणि बाहेर दोन पायऱ्या खाली. तेव्हा भेट दीड तासाची ठरवली. पाणी न पिता दिवस काढण्यापेक्षा हे बरं. मणक्याला इजा झालेल्या माणसांनी तर पाणी टाळूच नये, मूत्रमार्गाचा संसर्ग त्यांना लवकर होतो. दुपारी चारची वेळ ठरली, गर्दी कमी आणि परतताना उजेड. निघताना घरात एकाला ठिकाण सांगून ठेवलं. एकही जागा सर्व बाजूंनी पूर्ण नव्हती, पण उणीव आधी कळली म्हणून तिच्याभोवती बेत आखता आला.

गैरसमज: जिना असला तर काय, मी उचलून नेईन

सिनेमात हे प्रेम दिसतं. ज्याला उचललं जातं त्याच्यासाठी ते धोक्याचं असतं, आणि अनोळखी लोकांसमोर अवघडही. ऑक्टोबर 2023 मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या कार्यकर्त्या विराली मोदी यांचं लग्न मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात होतं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अधिकारी खाली आले नाहीत. विराली यांना दोन जिने उचलून न्यावं लागलं. वाटेत कुणाचा हात सुटला असता तर, असा प्रश्न त्यांनी नंतर जाहीरपणे विचारला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा असूनही हे घडलं. पुढे 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते सक्तीचे हवेत. कायदा बाजूने आहे, पण पायरी अजून जागेवर आहे. जागा तपासूनच जावं लागतं.

ज्याला असा मेसेज येईल त्याने एवढंच करावं. ‘वाटलं नव्हतं’, ‘किती धीराची आहेस’ असं काही लिहू नये. विचारल्याशिवाय दंड धरू नये, खुर्ची ढकलू नये आणि कुबडी हाताला लागणार नाही अशी दूर ठेवू नये. जागा शोधायचं सगळं काम तिच्यावर टाकू नये. हॉटेलला फोन आपण करावा, पायऱ्या आपण मोजवून घ्याव्यात, फोटो मागवून तिला पाठवावा आणि मग विचारावं, “इथे जमेल का?”