कोकोला गरम, कॉर्नफ्लोअरला थंड

उकळत्या दुधात चमचाभर कोको टाकला की काय होतं, हे बहुतेकांनी एकदा तरी पाहिलेलं असतं. पावडर दुधावर तरंगते, ढवळलं की तिचे काळपट गोळे होतात आणि ते काही केल्या फुटत नाहीत. असा एक गोळा चमच्याने काढून बोटांत दाबून बघा. वरून ओला, चिकट आणि आत चक्क कोरडी पावडर. पाच मिनिटं उकळत्या दुधात राहूनही आत दुधाचा थेंब शिरलेला नसतो.

याचं कारण कोको तयार कसा होतो त्यात आहे. कोकोच्या बिया भाजून दळल्या की त्यांचा तेलकट लगदा होतो, कारण बीमध्ये निम्म्याहून जास्त स्निग्धांशच असतो. पूर्वी हा लगदाच पाण्यात घोटून पीत, आणि वर तवंग यायचा. १८२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हान हाउटेन बापलेकांनी लगदा दाबून त्यातलं बरंचसं लोणी वेगळं करण्याची पद्धत आणली. लोणी काढल्यावर जी वडी उरते ती दळली की कोको पावडर. आपल्या भाषेत सांगायचं तर घाण्यातून तेल निघाल्यावर उरते ती पेंड. मात्र या पेंडीतही साधारण १० ते २२ टक्के लोणी शिल्लक असतं. ते पाण्याला सहजी जवळ येऊ देत नाही. शिवाय कोकोत थोडा स्टार्चही असतो. गरम दूध लागलं की ढिगाच्या बाहेरच्या कणांतला स्टार्च फुगतो, चिकट कवच तयार होतं आणि आतली पावडर बंदिस्त होते.

पिठलं करणाऱ्यांना हे नवीन नाही. बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं ही युक्ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण कोकोला तीच युक्ती जशीच्या तशी लावली तर फसते. गार दुधात कोकोतलं लोणी घट्टच राहतं आणि पावडर वर तरंगत राहते. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून कोकोला गरम पाणी लागतं. अगदी थोडं, पण कडकडीत.

दोन कपांचं माप असं. पातेल्यात तीन सपाट मोठे चमचे (सुमारे १५ ग्रॅम) बिनसाखरेचा कोको आणि तितकेच चमचे साखर घ्या, चिमूटभर मीठ टाका आणि कोरडंच नीट कालवा. साखर इथे फक्त गोडीसाठी नाही. तिचे दाणे कोकोच्या कणांमध्ये शिरतात आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. मग दोन मोठे चमचे उकळतं पाणी घालून चमच्याच्या पाठीने पातेल्याच्या कडेला घोटा. आधी मिश्रण हट्टीपणा करतं, कोरडं-कोरडं वाटतं आणि आणखी पाणी घालावंसं वाटतं. थांबा. अर्ध्या मिनिटात साखर विरघळते आणि सगळं एकदम सैल पडतं, काळंभोर आणि चकचकीत. गुठळ्यांचा प्रश्न इथेच, दुधाचा थेंब पडण्याआधी, सुटतो. दाट मिश्रणात चमच्याचा दाब कणाकणापर्यंत पोचतो. पातेलंभर दुधात गुठळी चमच्यापुढे नुसती पळत राहते.

आता हे मंद आचेवर मिनिटभर खदखदू द्या, कोकोचा कच्चेपणा जातो. मग ३०० मिली दूध, वेगळं कोमट करून, आधी थोडं-थोडं आणि नंतर धार धरून घाला. दूध फुल क्रीमचं असेल तर उत्तमच. पिशवीतल्या फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३. टोन्ड दुधाचंही चांगलं होतं, फक्त जिभेवर जरा हलकं लागतं.

एवढ्यावर थांबलात तर चवदार पण पातळ पेय मिळेल. इटलीत मिळतं तसं, चमच्यावरून संथ ओघळणारं हवं असेल तर कॉर्नफ्लोअर लागतं, आणि त्याचा स्वभाव कोकोच्या नेमका उलटा. गरम दुधात ते थेट पडलं की लगेच फुगून गोळे होतात. म्हणून दोन सपाट छोटे चमचे कॉर्नफ्लोअर तीन मोठे चमचे गार दुधात कालवून ठेवा. वाटीत ते पाच मिनिटांत तळाशी बसतं, त्यामुळे ओतण्याच्या क्षणी पुन्हा ढवळा. ही पायरी माझ्याकडून नेहमी विसरली जायची. वरचं पाणीदार दूध ओतलं जायचं, खरा माल वाटीच्या बुडाशी राहायचा आणि मी म्हणायचो, आज घट्टच कसं होत नाही!

कॉर्नफ्लोअर घातल्यावर रवीने किंवा व्हिस्कने सतत, तळ खरवडत ढवळा. घट्टपणा हळूहळू येत नाही. बराच वेळ काहीच घडत नाही आणि उकळी यायच्या सुमारास अचानक चमच्याला जडपणा जाणवतो. त्यानंतर फदफद बुडबुडे येताना एक मिनिट धरा. आधी उतरवलं तर पिठूळ चव राहते. दहा मिनिटं उकळत ठेवलं आणि जोरजोरात घुसळत राहिलात तर फुगलेले कण फुटून ते परत पातळ होऊ लागतं.

चकाकी मात्र कॉर्नफ्लोअर पूर्ण देत नाही. कारखान्यात पेंडीतून काढून घेतलेलं लोणी थोडं परत द्यावं लागतं. गॅस बंद करा, ३० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून टाका, मिनिटभर झाकून ठेवा आणि मग फेटा. चॉकलेटच्या पॅकवर कोको बटर लिहिलेलं असावं. वनस्पती तूप घातलेल्या स्वस्त वडीने तोंडात मेणचट थर राहतो. चॉकलेट आच चालू असताना टाकलं तर कधीकधी वर तेलाचे ठिपके येतात. चमचाभर गार दूध घालून जोरात फेटलं की बहुधा ते परत मिसळतात.

झालं की नाही हे बघायला चमचा बुडवून बाहेर काढा आणि त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली, कडा ओघळून मिटल्या नाहीत, तर झालं. पातेल्यात वाकून पाहिलं तर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसावं.

गुठळ्या झाल्याच तर कशाच्या ते आधी ओळखा. काळी, आत कोरडी असेल तर कोकोची. मऊ, अर्धपारदर्शक, साबुदाण्यासारखी असेल तर कॉर्नफ्लोअरची. दोन्हींवर उपाय एकच, बारीक गाळणी. पण कॉर्नफ्लोअरची गाळली की तेवढा घट्टपणाही गाळणीत जातो. साखरेऐवजी गूळ घालायचा मोह होतो, पण उकळत्या दुधात गुळाने दूध फाटण्याची भीती असते.

आणि घरात ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ लिहिलेला डबा असेल तर हे माप विसरा. घटकांच्या यादीत साखर पहिली असेल तर डब्यात निम्म्याहून जास्त साखरच असू शकते, कोको नावापुरता. ते दुधात पटकन मिसळतं ते या साखरेमुळेही, आणि त्याच्या पातळपणाचं कारणही हेच.

उरलं तर फ्रिजमध्ये सकाळपर्यंत त्याचं जवळजवळ पुडिंग होतं. ते तसंच खाणारी मंडळी आमच्या घरात जास्त आहेत. प्यायचंच असेल तर दोन चमचे दूध घालून मंद आचेवर फेटत गरम करा. साय धरली असेल तर आधी काढा, नाहीतर तिचेच तुकडे गुठळ्यांसारखे दाताखाली येतात.