मोडीच्या सोन्यातली घट नेमकी कशाची?

जुना दागिना मोडायला नेला की पेढीवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "ताई, जुनं सोनं आहे, घट धरावीच लागते." वाक्य खोटं नसतं, पण त्या एका शब्दात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. त्यातल्या काही खऱ्याखुऱ्या असतात, एखादी दोनदा कापलेली असते आणि एखादी म्हणजे सराफाचा नफा असतो. त्या सुट्या करून पाहिल्या की हातात किती पैसे यायला हवेत, याचा हिशेब घरीसुद्धा मांडता येतो.

पोकळ पाटल्यांची एक जुनी जोडी घेऊ. आकडे हिशेबापुरते घेतले आहेत, पण प्रकार नेहमीचा आहे. काट्यावर वजन भरलं 42 ग्रॅम. घरात सगळ्यांना ठाऊक असतं की त्या 22 कॅरेटच्या आहेत. सोपं जावं म्हणून शुद्ध, म्हणजे 24 कॅरेट सोन्याचा भाव 10 ग्रॅमला एक लाख रुपये धरू. 22 कॅरेटमध्ये शुद्ध सोनं 91.6 टक्के, म्हणून त्याचा भाव ग्रॅमला 9,160 रुपये. घरच्यांनी केलेला गुणाकार येतो 3,84,720 रुपये, आणि तोच आकडा मनात धरून माणूस पेढीची पायरी चढतो.

पहिली मोठी वजाबाकी पाटली उघडल्यावर होते. पोकळ दागिना दबू नये म्हणून आत लाख भरायची जुनी पद्धत आहे. पाटल्या, तोडे, कोल्हापुरी साजातली पानं, ठुशीचे मणी यांत ती हटकून सापडते. आपल्या जोडीतून 3.6 ग्रॅम लाख निघाली आणि धातू उरला 38.4 ग्रॅम. 22 कॅरेटच्या भावाने जवळजवळ 33 हजार रुपये इथेच गेले. यात कुणी फसवलेलं नाही, ते सोनं कधी नव्हतंच. मंगळसूत्रातले काळे मणी, दोरा, खडे, मोती यांचंही तेच. ते आटवण्याआधी काढून, वेगळे तोलून परत मागून घ्यावेत. आगीत गेलेला मोती कामातून जातो.

आता आटणी. मुशीत तुकडे घालतात, टाकणखार टाकतात आणि ज्योत सोडतात. सोनं 1064 अंश सेल्सिअसला वितळतं, उकळायला मात्र त्याला अडीच हजार अंशांहून कितीतरी जास्त उष्णता लागते. त्यामुळे सोनाराच्या ज्योतीत सोनं 'जळून जातं' हे खरं नाही. जळतो तो वर्षानुवर्षं नक्षीत बसलेला मळ, साबण, अंगाचं तेल, लाखेचा उरलासुरला अंश. भेसळीतल्या तांब्याचा काही भाग काळा पडून टाकणखारात उतरतो, आणि डाखात जस्त किंवा कॅडमियम असेल तर ते धूर होऊन जातं. आपली लगड भरली 37.9 ग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम तूट.

सोनं हरवण्याची एकच खरी जागा आहे, ती म्हणजे मूस. बारीक थेंब तिच्या कडेला आणि काचेसारख्या घट्ट झालेल्या टाकणखारात चिकटून राहतात. म्हणून आटणी समोर करवून घ्यावी, मूस आधी रिकामी आहे ना ते बघावं आणि लगड ओतल्यावर मुशीत पुन्हा डोकवावं. थेंब दिसले तर थोडा टाकणखार टाकून ती परत तापवायला सांगावं. चांगला कारागीर हे न सांगता करतो.

मग टंच. कॅरेट मोजणारं यंत्र क्ष-किरणांवर चालतं आणि धातूचा फक्त वरचा, केसाहून पातळ थर वाचतं. न आटवलेल्या दागिन्यावर ते दोन्ही बाजूंनी चुकू शकतं. दागिना आम्लात उजळला असेल तर पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं आणि टंच आहे त्याहून जास्त दिसतो. किरण नेमका डाखावर पडला तर कमी दिसतो. म्हणून आटवताना रस नीट ढवळलेला असावा, आणि वाचन लगडीवर, वरचा थर घासून, दोन्ही बाजूंनी घ्यावं.

आपल्या लगडीचा टंच आला 88.5. इथे घरच्यांचा चेहरा उतरतो, कारण बिलावर तर 22 कॅरेट लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा याचं कारण डाख असतो. जोड देताना मूळ दागिना वितळू नये म्हणून डाख कमी उष्णतेला वितळणारा, म्हणजे जास्त तांबं-चांदीचा लागतो. पत्रा 22 कॅरेटचा असला, तरी सगळं एकत्र आटलं की सरासरी खाली येते. जितके जोड जास्त, तितका टंच कमी. त्यामुळे मोहनमाळ किंवा ठुशी नक्कर बांगडीपेक्षा जास्त खाली उतरते.

शुद्ध सोनं निघालं 37.9 गुणिले 0.885, म्हणजे साधारण 33.54 ग्रॅम. रक्कम 3,35,415 रुपये. मनातल्या आकड्यापेक्षा 49 हजारांनी कमी, आणि तरीही हा हिशेब चोख आहे. लाखेचे सुमारे 33 हजार, आटणीचे साडेचार हजार, टंचाचे पावणेबारा हजार. एकही रुपया बेहिशेबी नाही.

माझा आक्षेप आहे तो यानंतर होणाऱ्या कापणीला. "टंच 88.5 आला, आता तीन टक्के घट," असं म्हणत 10 हजार रुपये आणखी वजा होतात. आटणीची तूट लगडीच्या वजनात आधीच आलेली आहे आणि भेसळ टंचात आलेली आहे. वजन आणि टंच दोन्ही आटवल्यानंतरचे असतील, तर घट नावाची तिसरी गोष्ट उरतच नाही. सराफाला आपला नफा आणि शुद्धीकरणाचा खर्च घ्यायचा असेल, तर तो जरूर घ्यावा, पण त्याला खरेदीचा भाव म्हणावं आणि आटवण्याआधी सांगावं. म्हणजे चार पेढ्यांवर विचारून तुलना करता येते. एकदा लगड झाली की दागिना गेलेला असतो आणि माणसाचा हात दगडाखाली सापडलेला असतो. म्हणून आधीच विचारून ठेवावं: भाव कुठला, त्यातून किती टक्के कापणार, आणि पटलं नाही तर लगड परत देणार का?

भावाचंही एक बारीक कलम आहे. दुकानातल्या पाटीवरच्या भावात कधी कधी 3 टक्के जीएसटी मिळवलेला असतो. तो विकत घेणाऱ्यासाठी. घरचा दागिना मोडणाऱ्याला तो मिळत नाही. तुलनेला मुंबईच्या इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा त्या दिवशीचा, कराशिवायचा भाव धरावा. मोडीच्या बदल्यात नवा दागिना घेतला तर पेढीवाले बहुधा भाव पूर्ण देतात, पण नव्याची घडणावळ त्यांना मिळते आणि जीएसटीही आपल्यालाच भरावा लागतो, तेव्हा दोन्ही बाजू एकाच कागदावर मांडून पाहाव्यात.

हॉलमार्कच्या दागिन्याची गोष्ट सरळ असते. तिथे डाखासकट संपूर्ण दागिना ठरलेल्या शुद्धतेचा असावा लागतो. 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि हा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर घातला की शुद्धता दिसते. असा नक्कर दागिना मोडताना 'जुनं सोनं' म्हणून टंच कापायला जागा नसते.

हॉलमार्क नसेल आणि टंचावरून वाद झाला, तर बीआयएसमान्य तपासणी केंद्रात साधा ग्राहकही ठरावीक शुल्क भरून शुद्धता तपासून घेऊ शकतो. यंत्रावरच्या आकड्याबद्दल शंका राहिली तर अग्निपरीक्षेची पद्धत आहे. लगडीतून छोटा नमुना काढतात, शिशाबरोबर तापवून त्यातलं तांबं वेगळं करतात, मग चांदी नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि उरलेलं निखळ सोनं तोलतात. याला काही तास लागतात आणि नमुन्यापुरतं सोनं खर्ची पडतं. एखाद्या अंगठीसाठी हा खटाटोप परवडत नाही, पण पाच-सहा तोळ्यांची लगड असेल तर एका टक्क्याच्या फरकाचेच पाच-सहा हजार रुपये होतात.