'सर, काही अपडेट?'

मुलाखत होऊन गेल्यावर उमेदवार जो मेल पाठवतो, तो आमच्याकडे कसा येऊन पडतो ते आधी सांगते. भरतीचं काम करणाऱ्या माणसाकडे एका वेळी अनेक जागा असतात आणि प्रत्येक जागेसाठी चार-पाच जण मुलाखतीपर्यंत आलेले असतात. अशा गर्दीत 'सर, काही अपडेट?' एवढीच ओळ आली, विषय कोरा आणि खाली नुसतं पहिलं नाव असलं, की हा कोण आणि कुठल्या जागेसाठी, हे शोधण्यातच वेळ जातो. मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलने गेलं होतं त्यालाच उत्तर दिलं, तर मागचं सगळं तिथेच दिसतं.

चाकणच्या एका कारखान्यासाठी अकाउंट्सचा माणूस शोधत होते. मुलाखती मंगळवारी झाल्या आणि 'पुढच्या सोमवारपर्यंत कळवू' असं मी सगळ्यांना सांगितलं. एका उमेदवाराने बुधवारी सकाळी मेल केला, दुपारी व्हॉट्सॲप केलं आणि गुरुवारी थेट फायनान्स मॅनेजरला मेल टाकला. मॅनेजरने मलाच विचारलं, 'याला तारीख सांगितली नव्हती का?'

दुसऱ्या मुलीने सोमवार जाऊ दिला. मंगळवारी तिने लिहिलं: 'मुलाखतीत माझा नोटीस पीरियड साठ दिवस सांगितला होता. आता कंपनी तीस दिवसांत सोडायला तयार आहे, तसा मेल सोबत जोडला आहे. निर्णय अजून व्हायचा असेल तर साधारण कधी कळेल?' मार्चअखेरच्या कामाआधी माणूस हवा होता, त्यामुळे या मेलमध्ये मॅनेजरला पुढे पाठवण्यासारखं काहीतरी होतं. मी तो तसाच पाठवला. मी बघते ते हेच. मुलाखतीनंतर काही बदललं असेल, दुसरी ऑफर आली असेल आणि तिला अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं असेल, तर ते जरूर कळवावं. पण ऑफर नसताना तसा धाक घालू नये. 'ऑफर लेटर दाखवता का?' असं आम्ही विचारतो, आणि तिथे गप्प झालेल्या माणसावर पुढे पगाराच्या बोलण्यातही विश्वास राहत नाही.

मुलाखतीत जे जमलं नाही, ते मेलने सहसा सावरत नाही. मात्र आमच्याकडून उत्तर न येण्याचा अर्थ दर वेळी नकार असाही नसतो. बऱ्याचदा पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर गेलेली असते आणि तो रुजू होईपर्यंत दुसऱ्याला आम्ही स्पष्ट 'नाही' म्हणत नाही. हे आम्ही उघड सांगत नाही, आणि उमेदवाराच्या बाजूने पाहिलं तर ते चुकीचंच आहे. नोटीस पीरियड दोन-तीन महिन्यांचा असला की पहिला माणूस ऐन वेळी मागे फिरतो, जुनी कंपनी पगार वाढवून त्याला थांबवून घेते. मग आम्ही दुसऱ्याला फोन लावतो. महिन्याभरापूर्वी त्याने 'मी अजून उपलब्ध आहे' असं दोन ओळींत कळवलेलं असेल, तर पहिला फोन त्यालाच जातो.