बेरजेचं चिन्ह आणि डावीकडे जाणारी लाट

y = 0.03 sin(5x + 20t)

ताणून धरलेल्या लांब दोरावरून धावणाऱ्या लाटेचं हे समीकरण आहे. x ही दोरावरची जागा, t ही वेळ, आणि त्या जागी त्या क्षणी दोर मूळ रेषेपासून किती वर किंवा खाली आहे ते y सांगतो. अंतरं मीटरमध्ये, वेळ सेकंदात.

आयाम समोरच लिहिलेला आहे. sin ची किंमत +1 आणि −1 यांच्या बाहेर जात नाही, म्हणून दोर जास्तीत जास्त 0.03 मीटर, म्हणजे 3 सेंटीमीटर सरकतो.

तरंगलांबीसाठी वेळ थांबवायची. t = 0 धरलं की sin 5x उरतं. sin चा एक फेरा 2π ला, म्हणजे सुमारे 6.28 ला पूर्ण होतो. 5x तेवढं वाढण्यासाठी x ला 6.28 ÷ 5, म्हणजे सुमारे 1.26 मीटर पुढे जावं लागतं. हीच तरंगलांबी. x शेजारच्या 5 लाच तरंगलांबी समजण्याची चूक फार होते. खरं तर तो आकडा जितका मोठा, तितक्या लाटा दाट.

दिशेपाशी मात्र थांबायला हवं. अधिक चिन्ह पाहून लाट उजवीकडे, वाढत्या x च्या बाजूला जाते असं वाटतं. ती जाते डावीकडे. लाटेचा एखादा माथा नजरेने पकडा. तो माथाच राहायचा, तर कंसातली किंमत बदलता कामा नये. 0.1 सेकंद गेला की 20t हे 2 ने वाढतं. बेरीज तीच राहण्यासाठी 5x ला 2 ने घटावं लागतं, म्हणजे x 0.4 मीटरने कमी होतो. माथा डावीकडे सरकला, तोही 0.1 सेकंदात 0.4 मीटर. म्हणजे वेग सेकंदाला 4 मीटर. दिशा आणि वेग एकाच विचारातून मिळाले. 20 ÷ 5 या भागाकाराचा अर्थ तोच आहे.

पाठ केलेला नियम इथे दगा देतो. sin(20t − 5x) आणि sin(5x − 20t) या दोन्ही लाटा उजवीकडेच जातात. x आणि t यांची चिन्हं परस्परविरुद्ध असली की लाट उजवीकडे, सारखी असली की डावीकडे.

हा वेग आकाराचा आहे, दोराचा नव्हे. दोराचा प्रत्येक कण जागच्या जागी वरखाली होतो आणि त्याचा कमाल वेग 0.03 × 20, म्हणजे सेकंदाला फक्त 0.6 मीटर असतो.

आता y = 0.03 sin 5x cos 20t पाहा. आकडे तेच, भागाकारही 4 येतो. पण x आणि t एका कंसात नाहीत. x = 0 पाशी दोर कधी हलतच नाही, आणि माथे जागचे न सरकता फक्त वरखाली होतात. ही स्थिर लाट आहे. तिला दिशा विचारण्यात अर्थ नाही.