आधी निष्पत्ती, मग गोष्ट

गोष्ट ही अभ्यास संपल्यावरची खाऊची पुडी, हा प्राथमिक वर्गातला जुना गैरसमज आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला काल्पनिक शिक्षक चौथीच्या वर्गात सुरुवातच गोष्टींनी करतो, आणि पुढे वाचन, नाट्य, इतिहास यांची वाट त्या गोष्टींतूनच निघते.

दुसरा समज अधिक नुकसान करतो: गोष्ट कोणतीही चालेल, शेवटी तात्पर्य विचारले की झाले. ‘खोटे बोलू नये’ हे उत्तर मूल गोष्ट न ऐकताही देते. त्यावरून ते काय शिकले, हे शिक्षकाला कळत नाही. म्हणून आधी अध्ययन निष्पत्ती ठरवावी, मग तिला साजेशी गोष्ट निवडावी.

घोडबंदरच्या चौथीच्या वर्गासाठी असे करून पाहता येईल. निष्पत्ती अशी: एखादे ठिकाण महत्त्वाचे का ठरते, हे मुलाला त्याच्या जागेवरून सांगता यावे. गावातला किल्ला टेकडीवर आहे, खाली खाडी. त्याच खाडीच्या एका बाजूला ठाणे, तर दुसरीकडे वसई. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे घेतले आणि मे १७३९ मध्ये वसई. या दोन वर्षांतली एक रात्र निवडावी: नावाड्याचा मुलगा धान्याची होडी नेतोय आणि टेकडीवरच्या पहारेकऱ्याला ती दिसते.

इथेच थांबावे. पहारेकऱ्याला होडी कशी दिसली? किल्ला खाडीपासून दूर, आत डोंगरात असता तर? उत्तर तोंडी घेण्याऐवजी खाडी, टेकडी आणि होडी कागदावर काढायला सांगावी. कुणी किल्ला पाण्यापासून लांब काढला, तर निष्पत्ती अजून साधलेली नाही. सगळे जण फक्त होडीच्या थराराबद्दलच बोलू लागले, तर गोष्टीने विषय गिळला असे समजावे. पुढच्या वेळी पाठलाग कमी करून टेकडीवरून दिसणारा देखावा वाढवावा.

इतिहासाच्या गोष्टीत थोडी भर घातली तर काय बिघडते, असेही म्हटले जाते. बिघडते, कारण मूल भर आणि घटना वेगळी करू शकत नाही. गोष्ट संपताच शिक्षकांनी सांगावे की नावाड्याचा मुलगा कल्पनेतला आहे. किल्ला, खाडी आणि सालं खरी आहेत. मग फळ्यावर ‘खरे’ आणि ‘रचलेले’ असे दोन रकाने आखून ते मुलांकडूनच भरून घ्यावेत. ती त्यात चटकन रमतात, आणि दुसरी एक निष्पत्तीही साधते.

मात्र हातच्याची बेरीज गोष्टीने पक्की होत नाही. दहा सुट्यांची एक नोट का होते, हे दुकानदाराच्या गोष्टीतून उमगते. हात बसण्यासाठी मात्र गणितेच सोडवावी लागतात.